पहिली दाढी गुळगुळीत करण्याचा हट्ट कशाला?

अकरावीतला एक मुलगा. दुसऱ्या दिवशी कॉलेजचे गॅदरिंग. नाकाखाली वर्षभरापासून मिसरूड, हनुवटीवर थोडे केस आणि गळ्यावर तुरळक लव. रात्री सगळे झोपल्यावर तो बाथरूममध्ये शिरतो, कडी लावतो आणि कोनाड्यातला बाबांचा रेझर उचलतो. अंगाचा साबण दोन हातांत चोळून गालाला लावतो. चार मिनिटांत काम उरकते. गळ्याशी हात फिरवल्यावर थोडे खरखरीत लागते, म्हणून तो रेझर खालून वर ओढतो. पुन्हा एकदा ओढतो. तिसऱ्या वेळी तिथला फेस केव्हाच निघून गेलेला असतो. शेवटी बाबांच्या आफ्टर शेव्हचे चार थेंब. डोळ्यांतून पाणी येते, पण चेहरा मात्र अगदी गुळगुळीत.

सकाळी गळ्यावर लाल पट्टे दिसतात. दुसऱ्या दिवशी शर्टाची कॉलर टोचू लागते. तिसऱ्या दिवशी तिथे बारीक लाल पुळ्या उठतात, आणि मुलगा मेडिकलमध्ये जाऊन ‘पुळ्यांवर काहीतरी द्या’ म्हणतो.

असा प्रसंग अनेक घरांत घडतो आणि बहुतेक ठिकाणी तो हसण्यावारी नेला जातो. वास्तविक त्या मुलाच्या हातून एकच मुख्य चूक झाली. रेझर वापरला ही ती चूक नव्हे, तर पहिल्याच दिवशी गुळगुळीत चेहऱ्याचा हट्ट धरला ही. पहिली दाढी केसांच्या दिशेने, हलक्या हाताने आणि एकदाच करायची असते. तिच्यानंतर थोडी खरखर उरली तर ती चूक समजू नये. दाढी नीट झाल्याची ती खूण आहे.

मिसरूड फुटले, म्हणजे दाढी करायलाच हवी?

नाही. मुलांच्या चेहऱ्यावरचे केस साधारण ठरावीक क्रमाने येतात. आधी वरच्या ओठाच्या दोन्ही कोपऱ्यांशी, मग पूर्ण ओठावर, नंतर गालांच्या वरच्या भागात आणि खालच्या ओठाखाली, आणि सर्वांत शेवटी हनुवटी व जबड्याच्या कडेने. हा प्रवास काही वर्षे चालतो. म्हणून सोळा वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्यावर ओठावर काळे केस आणि गालावर नुसती मऊ लव असे मिश्रण असणे अगदी स्वाभाविक आहे. जिथे केस नाहीत तिथे रेझर फिरवण्याचे काहीच कारण नाही. पहिली दाढी म्हणजे बहुतेकदा फक्त वरचा ओठ, हनुवटी आणि गळ्याचा छोटा पट्टा.

उलट बाजूने काही मुले मुद्दाम लवकर दाढी करू लागतात, कारण ‘वस्तरा लागला की केस दाट येतात’ असे त्यांनी ऐकलेले असते. ही समजूत फार जुनी आहे आणि तिची तपासणीही जुनीच आहे. अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्येच पुरुषांच्या दाढीचे केस मोजून दाखवले होते की, दाढी केल्याने केसांची जाडी किंवा वाढीचा वेग बदलत नाही. केसाचे मूळ त्वचेच्या आत असते आणि पाते तिथवर पोहोचतच नाही. मग दाढीनंतर केस राठ का वाटतात? कारण न कापलेल्या केसाचे टोक निमुळते असते. पात्याने तो मध्येच कापला की टोक बोथट होते आणि बोटाला टोचते. केस तोच असतो, फक्त टोक बदललेले असते.

त्यामुळे दाढी कधी सुरू करायची, हा प्रश्न पूर्णपणे मुलाच्या इच्छेचा आहे. मिसरूड नकोसे वाटत असेल तर काढावे, वाटत नसेल तर ठेवावे. चेहऱ्यावर मुरुमे भरपूर असतील तर मात्र ती आटोक्यात येईपर्यंत रेझरऐवजी ट्रिमर वापरणे शहाणपणाचे. ट्रिमर केस त्वचेपासून किंचित वर कापतो, त्यामुळे मुरुमाचे डोके उडण्याचा धोका कमी. मुरुमांसाठी डॉक्टरांनी औषध दिलेले असेल, तर दाढीबद्दल त्यांनाच विचारावे. त्यातली काही औषधे त्वचा कोरडी आणि नाजूक करतात.

आधी पाणी, मग फेस

कोरडा दाढीचा केस चिवट असतो. पात्याला तो कापायला जोर लागतो, आणि तो जोर शेवटी त्वचेवरच पडतो. हाच केस पाणी प्यायला की फुगतो, मऊ होतो आणि पाते त्याच्यातून सहज जाते. पण पाणी पिण्यासाठी त्याला दोन-तीन मिनिटे लागतात. घाईघाईत तोंडावर दोन ओंजळी मारून काही उपयोग नाही. म्हणून सर्वांत सोपा उपाय असा की, दाढी अंघोळीनंतर लगेच करावी. ते शक्य नसेल तर चेहरा आधी धुऊन कोमट पाण्यात भिजवून पिळलेला स्वच्छ रुमाल दोन-तीन मिनिटे गालावर आणि गळ्यावर धरावा. पाणी कोमटच हवे. कढत पाण्याने त्वचा आधीच लालसर होते.

फेसाचे काम इथून पुढे सुरू होते. भिजलेल्या केसातले पाणी उडू न देणे आणि पात्याला घसरायला जागा करून देणे ही फेसाची दोन कामे आहेत. तिसरे काम नवशिक्यासाठी फार मोलाचे. रेझर कुठून फिरला आणि कुठे राहिला, हे फेस दाखवतो. अंगाच्या साबणाचा फेस मोठ्या बुडबुड्यांचा असतो. तो अर्ध्या मिनिटात बसतो आणि त्वचा कोरडी पडते. म्हणून दाढीसाठी क्रीम, दाढीचा साबण किंवा जेल यांपैकी एक हवेच. सुगंध नसलेले किंवा कमी असलेले घेतले तर आणखी बरे.

ट्यूबमधली क्रीम घेतली असेल तर पूर्ण चेहऱ्यासाठी बदामाएवढी पुरते. फक्त ओठ-हनुवटी करायची असेल तर हरभऱ्याच्या दाण्याएवढी. ब्रश पाण्यात बुडवून एकदा झटकायचा, क्रीम लावायची आणि चेहऱ्यावर गोल गोल फिरवत मिनिटभर फेस उठवायचा. गोल फिरवल्याने केस उभे राहतात आणि त्यांच्या मुळाशी फेस पोहोचतो. ब्रश नसेल तर बोटांनीही जमते, फक्त वेळ थोडा जास्त लागतो.

फेस जमला की नाही, हे कसे ओळखावे? चांगला फेस घुसळलेल्या घट्ट दह्यासारखा दिसतो आणि ओलसर चमकतो. मोठे बुडबुडे दिसत असतील तर पाणी जास्त झाले, थोडी क्रीम वाढवावी. पांढरा, सुका लेप दिसत असेल आणि मिनिटभरात तडकू लागत असेल तर पाणी कमी पडले, ब्रशचे टोक ओले करून पुन्हा फिरवावे. बोअरवेलचे पाणी येणाऱ्या घरांत कितीही घोटले तरी फेस होत नाही, ही तक्रार खरी आहे. पाण्यातले क्षार साबणाला बांधून ठेवतात आणि फेसाऐवजी साका तयार होतो. अशा वेळी फेसापुरते अर्धी वाटी आरओचे पाणी कोमट करून घेतले तरी लगेच फरक दिसतो.

सुलटी की उलटी?

सलूनमध्ये खुर्चीवर बसलेल्या गिऱ्हाइकाला कारागीर हमखास विचारतो, ‘उलटी मारू का?’ केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने रेझर फिरवणे म्हणजे सुलटी दाढी, आणि विरुद्ध दिशेने फिरवणे म्हणजे उलटी. उलट्या हाताने दाढी जास्त गुळगुळीत होते, हे खरे. पण ती कशामुळे होते, हे समजून घेतले पाहिजे.

उलटा रेझर केसाला त्वचेतून किंचित वर ओढतो आणि मग कापतो. तीन किंवा पाच पात्यांच्या रेझरमध्ये हे आणखी होते. पुढचे पाते केस ओढते आणि मागचे कापते. उरलेला केस मग त्वचेच्या पातळीच्या खाली जातो. तो पुन्हा वाढू लागतो तेव्हा त्याचे टोक तिरके आणि धारदार असते. सरळ केस बहुतेक वेळा बाहेर येतो. कुरळा केस मात्र वळतो आणि त्वचेतच रुततो. शरीर त्याला बाहेरचा काटा समजून त्याच्याशी लढते. गळ्यावरच्या त्या लाल, दुखऱ्या पुळ्या म्हणजे हीच लढाई. भारतीय त्वचेत अशी पुळी बरी झाल्यावरही काळा डाग मागे राहू शकतो आणि तो जायला कित्येक महिने लागतात. एका रात्रीच्या गुळगुळीतपणाची ही किंमत आहे.

म्हणून पहिले काही महिने फक्त सुलटी दाढी. पण ‘सुलटी म्हणजे वरून खाली’ हे समीकरण अर्धेच खरे आहे. गालावर आणि ओठावर केस साधारण वरून खाली वाढतात. गळ्यावर मात्र प्रत्येकाचा नकाशा वेगळा असतो. कुणाचे केस खालून वर येतात, कुणाचे कानाकडून मध्याकडे, कुणाच्या गळ्याच्या एका बाजूला चक्क भोवरा असतो. दोन-तीन दिवसांची वाढ असताना कोरड्या गळ्यावरून बोट चार दिशांना फिरवून पाहावे. ज्या दिशेला मऊ लागेल ती केसांची दिशा, जिथे अडेल ती उलटी. हे लक्षात राहत नसेल तर मोबाइलवर गळ्याचा फोटो काढून त्यावरच बाण काढून ठेवावेत. हे काम आयुष्यात एकदाच करायचे असते, कारण दिशा सहसा बदलत नाही.

रेझर किती टेकवायचा?

पहिल्या दाढीत सर्वांत कठीण गोष्ट हीच, आणि ती बघून कळत नाही. मोठ्या माणसाचा हात आरशात भराभर फिरताना दिसतो, पण त्याने किती दाब दिला हे दिसत नाही. पाहणाऱ्या मुलाला वाटते, केस कापायचे म्हणजे जोर लागणारच. प्रत्यक्षात धारदार पात्याला मऊ झालेला केस कापायला रेझरचे स्वतःचे वजनही जवळजवळ पुरते.

त्वचा सपाट पाट नाही, ती मऊ गादीसारखी आहे. रेझर दाबला की ती पात्यांच्या मधल्या फटीतून वर फुगते, आणि पाते केसाबरोबर त्वचेचा वरचा पातळ थरही खरवडून नेते. रक्त येतेच असे नाही. पण नंतर पाणी लागताच चरचरते, तासाभरात लाल पट्टे दिसतात. हे दाब जास्त झाल्याचे पक्के लक्षण.

यासाठी एक सोपा सराव आहे. चेहऱ्यावर फेस लावायचा, रेझरचे टोपण न काढता तो अंगठा आणि दोन बोटांत मुठीच्या खालच्या टोकाशी धरायचा आणि गालावरून खाली आणायचा. फेस पुसला गेला पाहिजे, पण त्वचेवर खळगा पडता कामा नये. खळगा पडला तर हात जड आहे. चार-पाच वेळा असे करून हात हलका झाला की मगच टोपण काढायचे.

कार्ट्रिजच्या रेझरचे डोके स्वतःच वळते, ते फक्त त्वचेवर सपाट टेकवायचे. दुधारी ब्लेडच्या जुन्या रेझरमध्ये कोन हाताने सांभाळावा लागतो, साधारण ३० अंशांचा. तो छान रेझर आहे आणि स्वस्तही पडतो, पण पहिल्या दिवसासाठी नाही. नवशिक्याला दोन पात्यांचा साधा रेझर पुरे. पाच पात्यांचा महागडा रेझर म्हणजे एकाच ठिकाणी एका फटक्यात पाच वेळा खरवडणे, हे जाहिरातीत सांगत नाहीत.

पाते बोथट असेल तर हात आपोआप दाबू लागतो. त्या अकरावीतल्या मुलाने उचललेला बाबांचा रेझर कित्येक दिवस वापरलेला होता, त्यामुळे तो दाबत गेला आणि गळा सोलत गेला. केस ओढल्यासारखे वाटले की थांबायचे आणि पाते बदलायचे, जोर वाढवायचा नाही.

त्याच मुलाची दुसरी दाढी

आता त्याच मुलाला तीन आठवड्यांनी पुन्हा आरशासमोर उभे करू. पुळ्या पूर्ण बसल्या आहेत, तोवर त्याने रेझरला हात लावलेला नाही. या वेळी रविवारची सकाळ आहे, घाई नाही, आणि बाबा दारात उभे आहेत.

तो अंघोळ करून आला आहे. नव्या पात्याचा स्वतःचा रेझर, कोमट पाण्याचा मग, दाढीची क्रीम. गळ्यावर बोट फिरवून त्याने दिशा पाहिली. उजवीकडे वरून खाली, डावीकडे मात्र केस कानाकडून मध्याकडे येतात. मागच्या वेळी नेमक्या याच बाजूला जास्त पुळ्या होत्या, हे त्याच्या आत्ता ध्यानात येते.

फेस लावून तो मिनिटभर थांबतो. सुरुवात कानाशेजारून, जिथे केस कमी आणि जागा सपाट. एकेक फटका दोन-तीन सेंटिमीटरचा. ‘अरे, ढकलू नकोस. त्याचा तो खाली येऊ दे, तू फक्त धरून ठेव,’ बाबा सांगतात. दर दोन-तीन फटक्यांनंतर रेझर मगात खळबळायचा. पात्यांमध्ये केस आणि फेस अडकला की ते कापत नाही, घासते.

मग गळा. डोके थोडे मागे, दुसऱ्या हाताने त्वचा अगदी हलकी सरळ करायची. ताणायची नाही, कारण ताणलेल्या त्वचेतून केस जास्त बाहेर येतो आणि कापल्यावर पुन्हा आत जातो. डाव्या बाजूला तो रेझर आडवा, कानाकडून मध्याकडे नेतो. कंठमण्यावर फेस लावून आवंढा गिळल्यासारखा करून तो धरून ठेवतो, म्हणजे उंचवटा वर सरकतो, आणि शेजारच्या सपाट जागेवर फटका मारतो.

हनुवटी आणि वरचा ओठ शेवटी. इथले केस सर्वांत जाड असतात, त्यांना भिजायला जास्त वेळ मिळावा म्हणून. वरचा ओठ दातांवर ओढून घेतला की जागा सपाट होते. नाकाखालून खाली, छोटे छोटे फटके. रेझर कधीही आडवा सरकवायचा नाही. ओठ आणि हनुवटीवर जे कापले जाते ते बहुधा हात आडवा सरकल्यामुळेच.

एक फेरी झाली. मुलगा गळ्यावरून हात फिरवतो आणि तोंड वाकडे करतो, ‘बाबा, अजून लागतंय हाताला.’ बाबांचे उत्तर या सगळ्या विषयाचे सार आहे. ‘लागू दे. कुणी हात लावून बघायला येणार नाही.’ एखाद्या जागी केस सरळ सरळ राहिलेच असतील, तर तिथे पुन्हा फेस लावून, पुन्हा सुलट्याच दिशेने, एकदा. फेस नसलेल्या जागी रेझर पुन्हा न्यायचा नाही, हा नियम मात्र कधीच मोडायचा नाही.

दाढी झाली, आता काय?

गार पाण्याने चेहरा धुवायचा, म्हणजे फेस राहत नाही आणि चरचर कमी होते. स्वतःच्या स्वच्छ टॉवेलने टिपायचे, घासायचे नाही. त्वचा किंचित ओलसर असतानाच बिनवासाचे साधे मॉइश्चरायझर पातळ लावायचे. एवढेच. मुरुमांची प्रवृत्ती असेल तर खोबरेल तेल टाळावे, त्याने छिद्रे बुजू शकतात. स्पिरिटवाला आफ्टर शेव्ह झोंबतो म्हणजे ‘काम करतो’ हा गैरसमज आहे. तो सोललेल्या त्वचेला आणखी कोरडे करतो.

तुरटीबद्दल मात्र आपल्याकडे दोन टोके आहेत. ती सर्व दुखण्यांवरचे औषध नाही आणि टाकाऊही नाही. तुरटीने त्वचा आकसते आणि बारीक जखमेतले रक्त थांबते. म्हणून छोटेसे कापले तर आधी स्वच्छ कापूस दोन मिनिटे दाबून धरावा, तरीही रक्त पाझरत असेल तर ओली तुरटी तेवढ्याच जागी टेकवावी. सगळ्या चेहऱ्यावर ती घासून तशीच ठेवली तर कोरडी त्वचा ताणते आणि खाजते. तुरटीचा खडा प्रत्येकाचा वेगळा असावा. सलूनमध्ये सगळ्यांच्या गालावरून फिरलेला खडा आपल्या जखमेवर लावून घेऊ नये.

दाढीनंतरचा दिवसभर घट्ट कॉलर टाळता आली तर टाळावी. म्हणूनच गॅदरिंगच्या किंवा लग्नाच्या आदल्या रात्री पहिली दाढी नको. आठवडाभर आधी एकदा करून पाहावी, म्हणजे चुकले तरी सावरायला वेळ मिळतो. पुढची दाढी केस पाहून, सुरुवातीला आठ-पंधरा दिवसांनी केली तरी चालते.

पुळ्या आल्याच तर?

पहिली गोष्ट, त्या बसेपर्यंत रेझर बंद. दुसरी, टाचणीने किंवा नखाने रुतलेला केस उकरायचा नाही. त्यानेच डाग पडतात. कोमट पाण्यात भिजवलेला रुमाल दिवसातून दोन-तीनदा दहा मिनिटे धरला तर त्वचा मऊ होते आणि पुष्कळदा केस स्वतःच बाहेर येतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मागून आणलेली क्रीम चेहऱ्यावर लावू नये. ‘खाज, पुळ्या, लाली’ म्हटले की हातात पडणाऱ्या कित्येक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते. दोन दिवसांत लाली जाते, मुलगा खूश होतो आणि लावत राहतो. थांबवले की लाली दुप्पट होऊन परत येते, म्हणून पुन्हा लावतो. काही आठवड्यांत त्वचा पातळ होते, मुरुमे उसळतात, चेहरा उन्हात भाजल्यासारखा होतो. त्वचारोगतज्ज्ञांकडे असे चेहरे घेऊन येणारे तरुण काही थोडे नसतात. दाढीच्या पुळ्या आपोआप गेल्या असत्या, या क्रीमचे नुकसान मात्र निस्तरायला महिने लागतात. पुळ्यांत पू झाला, दुखू लागले, ताप आला किंवा दोन-तीन आठवड्यांत काहीच फरक पडला नाही, तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जावे.

रेझर कुणाचा?

ज्याचा त्याचा. बाबांचा, भावाचा किंवा हॉस्टेलमधल्या मित्राचा रेझर वापरायचा नाही, धुऊनही नाही. पात्यावर डोळ्यांना न दिसणारे रक्त राहते आणि हिपॅटायटिस बी व सी हे यकृताचे आजार अशा रक्तातून पसरू शकतात. सलूनमध्येही वस्तऱ्यात अर्धे ब्लेड आपल्या डोळ्यांदेखत नवीन लावायला सांगावे. यात कारागिराचा अपमान नाही, चांगला कारागीर न सांगताच लावतो.

रेझर वापरल्यावर पाण्याखाली धुवावा, झटकावा आणि बाथरूमच्या ओलीबाहेर कोरड्या जागी उभा ठेवावा. पाच ते सात दाढ्यांनंतर पाते बदलावे, त्याआधीच ओढू लागले तर आधी. टाकलेले ब्लेड कचऱ्यात तसेच सोडू नये. झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात जमवावे आणि डबा भरला की चिकटपट्टीने बंद करून वेगळा द्यावा. आपल्या गालावरून हलक्या हाताने फिरलेले पाते कचरा उचलणाऱ्याचा तळहात कापू शकते.

आणि शिकवायचे कुणी?

मुलगा सायकल शिकतो तेव्हा कुणीतरी मागे सीट धरून धावते. धारदार पाते गळ्यावर पहिल्यांदा ठेवतो तेव्हा मात्र तो बंद दाराआड एकटा असतो. वडील संकोचतात, मुलगा लाजतो, आणि दोघांच्या मध्ये एखादा व्हिडीओ येतो. व्हिडीओत दिशा दिसते, फेस दिसतो. दाब दिसत नाही. तो शेजारी उभे राहूनच सांगावा लागतो, मुलाच्या मनगटाला हात लावून. हे काम वडिलांचेच असे नाही. मामा, काका, मोठा भाऊ करू शकतो, आणि घरात पुरुष नसेल तर आईलाही ते अवघड नाही. हलका हात, ओला केस आणि एकच फेरी, एवढेच तर सांगायचे असते.

मुलाच्या ओठावर मिसरूड दिसू लागले की घरातल्यांनी त्याची चेष्टा करण्याआधी एक गोष्ट करावी. दोन पात्यांचा नवा रेझर आणि दाढीच्या क्रीमची एक ट्यूब त्याच्या टेबलावर ठेवावी, आणि ‘रविवारी सकाळी दाखवतो’ एवढे म्हणावे. मग तो रात्री कडी लावून बाबांचा रेझर शोधणार नाही.